शहराचा टक्का नको, आपल्या वस्तीचा टक्का सांगा



ऑक्टोबर 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ सुरू झाली. नंतर मालेगाव आणि भिवंडीतूनही तशाच बातम्या आल्या. लेकरं दगावली. त्या वेळी अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "ही माणसं लसच घेत नाहीत." मी बरीच वर्षं नर्स म्हणून लसीकरणाचं काम केलं आहे. माझ्या मते या वाक्यात दोष चुकीच्या माणसांवर टाकलेला आहे. तो कसा, हे समजायला थोडं गणित करावं लागेल. चौथीतल्या पोरालाही जमेल एवढंच ते आहे.

प्रत्येक साथीच्या रोगाचा एक आकडा असतो. ज्या ठिकाणी कुणालाच त्या रोगापासून संरक्षण नाही, तिथे एक रोगी सरासरी किती जणांना रोग देईल, तो हा आकडा. डॉक्टर त्याला 'आर-नॉट' म्हणतात. गोवराचा आर-नॉट साधारण 12 ते 18 धरतात. इतका मोठा आकडा फार थोड्या रोगांचा असतो. गोवराचं लेकरू खोलीतून निघून गेलं तरी त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतात. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच ते लेकरू रोग पसरवत असतं. म्हणून पुरळ दिसल्यावर लेकराला वेगळं ठेवलं, तरी बरंचसं घडून गेलेलं असतं.

हिशोबासाठी मधला आकडा 15 घेऊ. एक आजारी लेकरू 15 लेकरांपर्यंत पोचतं. साथ थांबवायची तर त्या 15 पैकी फार तर एकालाच रोग व्हायला हवा. मग एकाचा एकालाच जाईल आणि साथ वाढणार नाही. एकाहून कमी झाली तर ती विझेल. म्हणजे 15 पैकी निदान 14 लेकरं आधीच सुरक्षित पाहिजेत. 14 भागिले 15 म्हणजे 93 टक्के. पुस्तकात हेच 1 − 1/R0 असं लिहितात. या मर्यादेच्या वर गेलं की ज्यांना लस देता येत नाही, त्यांनाही आडोसा मिळतो. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. नऊ महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ याच आडोशावर जगतं, कारण त्याची लसीची वेळ अजून आलेली नसते.

पण 93 टक्के लेकरं सुरक्षित असणं वेगळं आणि 93 टक्के लेकरांना लस टोचलेली असणं वेगळं. कारण प्रत्येक टोचलेल्या लेकराला लस लागू पडत नाही. नवव्या महिन्यात दिलेला गोवर-रुबेलाचा पहिला डोस 100 पैकी साधारण 85 लेकरांनाच संरक्षण देतो. त्या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अजून थोडी अंगात असते आणि ती लसीच्या आड येते. म्हणजे वस्तीतल्या एकूण एक लेकराला पहिला डोस दिला, तरी सुरक्षित 85 च. आपल्याला हवेत 93. एका डोसाने हे गणित कधीच सुटत नाही.

म्हणून 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. दोन्ही डोस घेतलेल्या 100 पैकी साधारण 97 लेकरं सुरक्षित होतात. आता 93 ला 0.97 ने भागा, उत्तर सुमारे 96 येतं. म्हणजे 100 पैकी 96 लेकरांचे दोन्ही डोस झाले पाहिजेत. आरोग्य खातं 95 टक्क्यांचा आग्रह धरतं, तो अशाच हिशोबातून आलेला आहे. पहिला डोस झाला की कार्ड पत्र्याच्या पेटीत टाकणाऱ्या माझ्या बहिणींना मी हेच सांगते, दुसरा डोस म्हणजे वरची भर नाही, त्याच्याशिवाय हिशोबच पुरा होत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. समजण्यापुरतं एक उदाहरण घ्या. एका वॉर्डात 2,000 लेकरं आहेत. त्यातली 1,800 पक्क्या कॉलन्यांत राहतात आणि त्यातल्या 1,764 जणांचे दोन्ही डोस झालेत. उरलेली 200 वस्तीत राहतात, त्यातल्या 160 जणांचे झालेत. एकूण झाले 1,924. म्हणजे वॉर्डाचा टक्का 96. कागदावर काम फत्ते, साहेब खूश.

पण वस्तीचा हिशोब वेगळा करा. 160 लेकरांपैकी 97 टक्के म्हणजे 155 सुरक्षित. उरली 45, म्हणजे 200 मधली 22 टक्क्यांहून जास्त. एक आजारी लेकरू 15 जणांपर्यंत पोचलं, तर त्यातले तीनहून जास्त जण उघडे सापडतात. तिघांचे दहा होतात, आणि वस्तीतल्या उरलेल्या उघड्या लेकरांपर्यंत पोचायला गोवराला मग फार वेळ लागत नाही. कॉलनीतलं लसवंत लेकरू वस्तीतल्या बाळाला आडोसा देत नाही, कारण ती दोघं एका अंगणात खेळतच नाहीत. सूत्र असं धरून चालतं की सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात. आपल्या शहरात कोण कुणात मिसळतं, हे बाबासाहेबांच्या लेकरांना सांगायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. 12 ते 18 हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही. एका खोलीत सात माणसं, मध्ये एक पत्र्याची भिंत, पलीकडे दुसरं घर, अशा ठिकाणी एक लेकरू जास्त जणांपर्यंत पोचतं. म्हणजे जिथे टक्का सर्वांत कमी, तिथेच गरज सर्वांत जास्त असते.

मग वस्तीतली ती 40 लेकरं सुटतात कशी? आई-बाप ऊसतोडीला गेले आणि नववा महिना फडातच गेला. लसीकरणाचं सत्र भर दिवसा, तेव्हा आई धुण्या-भांड्याच्या कामावर. लस टोचली की लेकराला ताप येतो आणि दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. भाड्याची खोली बदलली आणि आशाताईच्या यादीतून नाव गळालं. यात "लसच घेत नाहीत" असं किती आहे, तुम्हीच ठरवा.

आपल्याकडेही एक चूक आहे, तीही सांगते. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो आणि कुजबुजत 'बाईचं आलंय' म्हटलं जातं. त्या कुजबुजीत आजाराची नोंद होत नाही, आणि शेजारच्या तान्ह्या बाळाला सावध करायचे चार दिवस निघून जातात. ताप आणि अंगभर पुरळ दिसला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा. तिथे 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही मिळतात, ते लेकराचे डोळे आणि जीव वाचवतात.

माझी मागणी साधी आहे. महापालिकेने दोन्ही डोसांचा टक्का वस्तीनिहाय काढावा आणि विहाराच्या फलकावर लावू द्यावा. सत्र संध्याकाळी किंवा रविवारी विहारात घ्यावं. तोवर आपण थांबायचं नाही. भीमनगर असो की मुकुंदवाडी, महिला मंडळाने एका रविवारी घरोघर जाऊन दोन ते पाच वर्षांच्या लेकरांची कार्डं पाहावीत. एकूण किती आणि दुसरा डोस झालेली किती, एवढंच वहीत लिहावं. 100 ला 96 भरत नसतील, तर उरलेल्यांची नावं घेऊन आशाताईकडे जावं. शेजारच्या गल्लीतली मुस्लिम लेकरंही याच वहीत घ्या. आपली पोरं त्यांच्यासोबतच खेळतात, त्यामुळे आडोसाही दोघांचा एकच आहे.