विम्याची नोटीस वाचता आली पाहिजे

भोसरीत राहणाऱ्या आपल्या अनेक घरांची शेती गावाकडे आहे. अब्बा एमआयडीसीत कामाला असतात आणि सोयाबीन दादा-चाचा बघतात. पीक विम्याची नोटीस मात्र मोबाईलवर आधी इथे येते आणि मग गावाहून फोन येतो, "बेटा, काय लिहिलंय ते सांग."

सांगायचे कसे? नोटिशीतले एक वाक्य साधारण असे असते: "अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिकांकरिता विहित मुदतीत सहभाग नोंदविणे क्रमप्राप्त असून सोबत आवश्यक ती कागदपत्रे सादर करावीत." यात तारीख नाही, कागदांची नावे नाहीत आणि कोणत्या नुकसानीचे पैसे मिळतात तेही नाही. शेतकऱ्याला याच तीन गोष्टी हव्या असतात. म्हणून नववीच्या वर्गात मी मराठीच्या तासाला हाच मजकूर नव्याने लिहायला घेतला. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या खरीप २०२५ च्या महाराष्ट्रातील नियमांवरून तयार झालेला मसुदा असा:

पैसे कशाचे मिळतात? तुमच्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा कमी आले तर. हे उत्पन्न पीक कापणी प्रयोगांवरून ठरते.
कशाचे मिळत नाहीत? फक्त तुमच्याच शेतात गारपीट झाली, पाणी साचले किंवा कापून ठेवलेले पीक भिजले, तर वेगळी भरपाई नाही.
शेवटची तारीख: विमा उतरवण्यासाठी ३१ जुलै २०२५. मुदत वाढल्यास नवी तारीख इथेच लिहावी. भरपाईसाठी वेगळा अर्ज नाही.
कागद: शेतकरी ओळख क्रमांक, आधार, सातबारा, बँक पासबुक, पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. जमीन भाड्याने असेल तर नोंदणीकृत भाडेकरारही.
नंतरचे काम: ई-पीक पाहणीत तेच पीक नोंदवणे.
विचारायचे असल्यास: १४४४७.

"कशाचे मिळत नाहीत" ही ओळ मुलांनी आधी लिहिली नव्हती, पण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. २०२४ पर्यंत आपल्या राज्यात एक रुपयात विमा होता आणि शेताचे नुकसान झाले की ७२ तासांत कळवावे लागे. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि स्थानिक आपत्ती, पेरणी न होणे, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूलता आणि काढणीनंतरचे नुकसान ही चारही संरक्षणे काढली गेली. तरीही ७२ तासांचे जुने संदेश फिरत राहतात. माणूस भिजलेल्या पिकाचे फोटो काढून मोबाईलवर तक्रार भरत बसतो आणि ज्या संरक्षणाखाली ती भरायची ते त्या हंगामात नसतेच. म्हणून नोटिशीच्या पहिल्याच ओळीत हंगाम आणि वर्ष ठळक हवे. दर हंगामाला नियम बदलू शकतात, तेव्हा वर्ष नसलेला संदेश पुढे पाठवूच नये.

उंबरठा म्हणजे काय, हे मुलांना हिशेबानेच समजले. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. समजा ही सरासरी हेक्टरी २० क्विंटल आहे, तर उंबरठा १४ झाला. यंदा मंडळाचे उत्पन्न साडेदहा आले, म्हणजे साडेतीन क्विंटल कमी पडले. साडेतीन हा चौदाचा चौथा भाग आहे. विमा रक्कम ५०,००० धरली तर भरपाई १२,५०० रुपये. खरिपात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे १,००० रुपये. पण मंडळाचे उत्पन्न १५ आले आणि फक्त चाचांचे शेत बुडाले, तर भरपाई शून्य. हे हप्ता भरण्याआधी कळले पाहिजे.

कागदांच्या ओळीतही नुसती नावे पुरत नाहीत. सातबाऱ्यावरचे, आधारवरचे आणि पासबुकावरचे नाव एकच आहे का, ते आधी पाहावे. आपल्याकडे एका कागदावर "शेख अब्दुल रहीम" आणि दुसऱ्यावर "अब्दुलरहीम शेख" असे सर्रास असते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा खाते जोडलेले आहे का हेही बँकेत विचारून घ्यावे. विम्यात सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत तूर असेल तर पाहणीतली नोंद खरी धरली जाते आणि विमा रद्द होऊ शकतो.

पीककर्ज घेतलेल्यांसाठी आणखी एक ओळ हवी. विमा नको असेल तर तसे बँकेला शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी लेखी द्यावे लागते. नाही दिले तर बँक हप्ता कापून घेते.

मसुदा तयार झाल्यावर मुलांना सांगितले, घरी फोनवर हा एकदाच वाचा आणि मग तीनच प्रश्न विचारा: पैसे कशाचे, तारीख कोणती, कागद कोणते? तिन्ही उत्तरे बरोबर आली तर मसुदा ठीक. जिथे दादा अडखळतील, ती ओळ पुन्हा लिहायची.