शिंद्यांचे ‘Shined’ करू नका

ई-मेल सेवा चालवणाऱ्या कंपन्यांच्या भाषा-विभागांतील अभियंत्यांना,



‘Shinde’ हे आडनाव ज्या स्पेलचेकरच्या शब्दसूचीत नसते, त्याला ते ‘Shined’ वाटू शकते. फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी १९६४ साली दाखवून दिले की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एखादे अक्षर बदलते, गळते, जास्तीचे पडते किंवा शेजारची दोन अक्षरे जागा बदलतात. ‘Shinde’मधली शेवटची दोन अक्षरे उलटवली की ‘Shined’ होते, म्हणजे चौथ्या प्रकारात ते चपखल बसते. आजच्या प्रणाली शब्दाचा वापर आणि संदर्भही तोलतात, पण सूचीत नसलेला शब्द चुकलेलाच असणार, हे जुने गृहीतक अजून पुरते सुटलेले नाही. माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे.

रोमन लिपीतल्या मराठीची अडचण आणखी खोल आहे. ‘Udya baithak ahe’ या वाक्यातल्या ‘ahe’पासून ‘she’, ‘the’ आणि ‘he’ हे तिन्ही शब्द एकेका अक्षराच्या अंतरावर आहेत, आणि तिन्ही इंग्रजीत अतिशय रुळलेले. नेमका शब्द निवडायला संदर्भाची मदत व्हावी, तर आधीचे दोन्ही शब्दही इंग्रजीला अनोळखी. बरे, लोक ‘aahe’ही लिहितात आणि ‘aahey’ही. या लेखनाला प्रमाण रूपच नाही, त्यामुळे सूची कितीही वाढवली तरी ती अपुरीच पडणार.

यावर तुमच्याकडून एक रास्त आक्षेप येईल: सूची वाढवली की खऱ्या चुका निसटतात. ‘ahe’ सर्वांसाठी ग्राह्य धरले, तर ‘she’ लिहिताना झालेली चूक कोणालाच दिसणार नाही. हे मला मान्य आहे, म्हणूनच मी सर्वांची सूची वाढवायला सांगत नाही. पत्र ज्याला जायचे आहे त्याचे नाव बहुधा ‘To’च्या ओळीत असतेच. ते त्या पत्रापुरते बरोबर धरायला नवा शब्दकोश कशाला हवा? तसेच, लागोपाठ दोन-तीन शब्द इंग्रजी सूचीत सापडले नाहीत, तर तिथे भाषाच वेगळी असण्याची शक्यता दाट असते. अशा जागी आपोआप होणारा बदल थांबवावा आणि फार तर खाली रेघ द्यावी. चुकीची रेघ नजरेआड करता येते. नकळत बदललेले नाव मात्र तसेच पुढे जाते.

‘ज्याने त्याने आपल्या शब्दकोशात नाव घालावे’ हे उत्तर मला पटत नाही. शिंद्यांनी स्वतःच्या संगणकात ते घातले, तरी बिघाड होतो तो त्यांना पत्र लिहिणाऱ्याच्या संगणकात, आणि त्या शब्दकोशावर शिंद्यांचा काहीच अधिकार नाही. दुरुस्ती तुमच्याच हाती आहे. पुढच्या आवृत्तीत निदान ‘To’ आणि ‘Cc’मधली नावे आपोआप बदलणे बंद करा.

आपला,
एक मराठी पत्रलेखक