तुमची आजी आधारवड नव्हती

व्हॉट्सॲपवर एखाद्याच्या आजीची पुण्यतिथी असली की स्टेटस उघडायच्या आधीच मला त्यातला मजकूर ठाऊक असतो. काळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात हलणारी समई, झेंडूच्या हाराच्या चौकटीत आधार कार्डावरून कापलेला फोटो. खाली 'आमच्या कुटुंबाचा आधारवड', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'तुमच्या आठवणी सदैव हृदयात' आणि शेवटी 'भावपूर्ण श्रध्दांजली'. यातही 'द्ध' उलटा असतो. (आधी द, मग ध. मूळ शब्द 'श्रद्धा' आहे. पण चौकट बनवणाऱ्या ॲपने एकदा उलटा टाइप केला, की अख्ख्या तालुक्याच्या आज्या उलट्या 'ध्द'मध्ये जातात.)

मला या मजकुराचा राग येतो, आणि तो का येतो हे नीट सांगायला हवं. कारण माझ्या वयाची मंडळी या विषयावर बोलायला लागली की लगेच म्हणतात, स्टेटस म्हणजे दिखावा, खरं दुःख मनात असतं. हे मला पटत नाही. आपल्या आजीची आठवण चार लोकांना सांगावीशी वाटणं यात दिखावा कसला? गावाकडे वर्षश्राद्धाला पंगत बसते, तीही चार लोकांत आठवण काढण्यासाठीच. माझी तक्रार वेगळी आहे. स्टेटस टाकलं, लोकांनी पाहिलं, खाली हात जोडलेले इमोजी आले, आणि या सगळ्यात आजी कुठेच नव्हती. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची आजी ठेवली असती तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं.

ठराविक मजकुराची एक जागा आहे आणि ती मला मान्य आहे. माणूस गेल्याच्या दिवशी घरातल्या कुणाला काही सुचत नसतं. तेव्हा 'दुःखद निधन', नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, एवढं लागतं. ती बातमी आहे. बातमीला साचा असलेलाच बरा, म्हणजे वेळ चुकत नाही. पण पुण्यतिथी ही बातमी नाही. आजी गेली हे सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षांनंतर 'देव मृतात्म्यास शांती देवो' म्हणण्यात मला तर थोडा अपमानच वाटतो. म्हणजे अजून मिळाली नाही का?

आता एक प्रत्यक्ष मसुदा बघू. माझी आतेबहीण नाशिकजवळच्या गावातली, नोकरीला पुण्यात. तिच्या आईच्या आईला, म्हणजे माझ्याही आजीला, जाऊन तीन वर्षं झाली. तिने आदल्या रात्री मला हे पाठवलं आणि म्हणाली, जरा नीट करून दे:

'आज आजीला जाऊन तीन वर्षे झाली. आजी, तू आम्हाला सोडून गेलीस पण तुझ्या आठवणी सदैव आमच्या हृदयात राहतील. तू आमच्या घराचा आधारवड होतीस. तुझी माया, तुझे संस्कार आणि आशीर्वाद कायम पाठीशी राहोत. आम्ही निघालो की तू दारात उभी असायचीस. देव तुझ्या आत्म्यास शांती देवो. मिस यू आजी. भावपूर्ण श्रद्धांजली.'

मी नोकरीत रोज दुसऱ्यांचा कोड वाचतो, आणि तिथे पहिलं काम असतं ते काढून टाकण्याचं. जी ओळ काढली तरी काही बिघडत नाही, ती ओळ नकोच. हीच कसोटी इथे लावली: प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे शेजारच्या घरातल्या आजीला लागू पडेल का? पडत असेल तर खोडायचं. 'आठवणी हृदयात' लागू पडतं, खोडलं. 'आधारवड' लागू पडतं, आणि आमच्या आजीला तर नीट लागूही पडत नाही. ती चार फूट दहा इंच होती आणि घरातल्या प्रत्येकाच्या आधारावर भांडायची. माया, संस्कार, आशीर्वाद ही तिन्ही खोडली. आत्म्याला शांती खोडली. उरली दोनच वाक्यं: तीन वर्षं झाली, आणि निघालो की तू दारात उभी असायचीस.

दुसरं वाक्यही शेजारच्या आजीला लागू पडतंच. सगळ्याच आज्या दारात उभ्या असतात. पण त्यात एक फट आहे, आणि रफ मसुद्यात अशी फट शोधणं हेच खरं काम. म्हणून तिला फोन करून विचारलं, दारात उभी राहून काय करायची? ती म्हणाली, काही नाही गं, नुसती उभी. (ती मलाही कधीकधी 'गं' म्हणते, सवय.) मी पुन्हा विचारलं, काही बोलायची? मग ती म्हणाली, 'बोलायची म्हणजे, पोचल्यावर मिस कॉल दे, एवढंच.'

आणि तो मिस कॉल येईपर्यंत ती जेवायची नाही, हे मग आपोआप निघालं.

'तिच्याबद्दल सांग' असं विचारलं की माणूस विशेषणं सांगतो: प्रेमळ होती, कडक होती. 'ती काय करायची, काय म्हणायची' असं विचारलं की वस्तू आणि वाक्यं बाहेर येतात. विशेषणं सगळ्या आज्यांची सारखी असतात, वाक्यं नसतात. म्हणून मसुद्यात अडकलात तर विशेषण शोधत बसू नका, तिच्या तोंडचं एक वाक्य आठवा, आणि ते तिच्याच शब्दांत ठेवा. 'सुखरूप पोहोचल्यावर संपर्क साधावा' असं त्या बाईने जन्मात म्हटलं नसतं.

मग लिहायला बसलो. बहिणीचा पहिला प्रयत्न असा होता: 'आजी, तुझ्या वाट पाहणाऱ्या डोळ्यांतल्या त्या निःशब्द काळजीला आज शब्द शोधते आहे.' हा दुसरा आजार, आणि तो साच्यापेक्षा आपल्या पिढीला जास्त होतो. यात आजी पुन्हा गायब झाली आणि तिच्या जागी लिहिणारी येऊन उभी राहिली. निःशब्द तर ती अजिबातच नव्हती, मोठ्याने बजावायची. खोडलं.

पुढचा प्रयत्न: 'आजी, तीन वर्षं झाली. तू म्हणायचीस पोचल्यावर मिस कॉल दे. तो येईपर्यंत तू जेवायची नाहीस. किती माया होती तुझी!' हा बराच जवळ आला. बिघडवलं ते शेवटच्या वाक्याने. जेवायची नाही म्हटल्यावर माया वाचणाऱ्याला दिसलेली असते. ती पुन्हा नाव घेऊन सांगितली की विनोद सांगून वर समजावल्यासारखं होतं. ते वाक्य गेलं. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली: ही ओळ सगळी भूतकाळात आहे आणि पुण्यतिथी आजची आहे. तेव्हाचं सांगून झालं, आता काय होतं ते राहिलं. मी विचारलं, आता गावाहून परत आल्यावर काय करतेस? ती जरा थांबून म्हणाली, काही नाही, फोन हातात घेते आणि ठेवते.

शेवटी हे उरलं:

'आजी, तीन वर्षं झाली. पुण्यात उतरलं की अजूनही वाटतं, तुला मिस कॉल द्यायचा राहिलाय.'

दोन वाक्यं. जेवणाचा उल्लेखही गेला, कारण दोन तपशील एकमेकांना खातात. त्यासाठी पुढचं वर्ष आहे. क्रमही बघा: वर्षं आधी, मिस कॉल शेवटी. उलटं लिहिलं, 'मिस कॉल द्यायचा राहिलाय, तीन वर्षं झाली', तर वाक्य आकड्यावर संपतं आणि डोळ्यासमोर काही राहत नाही.

लांबीचा मुद्दा निव्वळ तांत्रिकही आहे. व्हॉट्सॲपच्या मजकूर-स्टेटसला 700 अक्षरांची मुभा आहे, पण मजकूर वाढेल तसा टाइप बारीक होत जातो. स्टेटस काही सेकंदच पडद्यावर राहतं, आणि 24 तासांनी जातं. लोक अंगठा मारत पुढे जातात. दोन वाक्यं मोठ्या अक्षरात बसतात आणि अंगठा पोचायच्या आत वाचून होतात. फोटो लावायचाच असेल तर मजकूर चेहऱ्यावर येऊ देऊ नका, आणि कृपा करून दवाखान्यातला शेवटचा फोटो नको. तिने तो काढू दिला नसता.

तिथी की तारीख, यावरून घरात वाद होतोच. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. आई तिथीला पान वाढते, आपला फोन तारखेला आठवण करतो. 'आज तृतीय पुण्यस्मरण' असं लिहिलं की कुणीतरी म्हणणारच, आज कुठे, परवा होऊन गेलं. 'तीन वर्षं झाली' हे दोन्ही दिवशी खरं असतं.

सर्वांत मोठा आक्षेप आमच्या थोरल्या काकांचा होता. यात 'कै.' नाही, नाव नाही, 'श्रद्धांजली' हा शब्दसुद्धा नाही, लोकांना काय कळणार कोण गेलं ते? आणि मिस कॉल काय, हे काय लिहायचं असतं का? नावाचा मुद्दा रास्त आहे, गावच्या चौकातल्या फलकासाठी. तिथे अनोळखी माणूस वाचतो. स्टेटस तेच लोक बघतात ज्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत, त्यांना तुमची आजी कोण ते माहीत असतं. आणि ज्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला माहीत नव्हती, त्याला 'कै. सौ.' वाचून ती कळणार नव्हती. मिस कॉल वाचून थोडी तरी कळली. मिस कॉल हलका शब्द आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठवावं की एका पिढीने आपली सगळी काळजी त्या फुकटच्या रिंगमध्ये बसवली होती, कारण बोलायला पैसे पडायचे. त्या शब्दाला जड करायची गरज नाही, तो आधीच जड आहे.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते गप्प राहिले, आणि त्यांनी स्वतःचं हार-समईवालं स्टेटस ठेवलंच. बहिणीने तिचं ठेवलं. तिला हात जोडलेले इमोजी कमी आले आणि मेसेज जास्त. कुणाची आजी एस.टी.चा नंबर लिहून घ्यायची, कुणाचे आजोबा फाटकापर्यंत चालत यायचे. रात्री दहाला घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला.

'एक रिंग नाही, दोन द्यायला सांगायची. एका रिंगमध्ये तिला पडवीतून फोनपर्यंत पोचता यायचं नाही.'