आवाज थांबले, तरी सहा माग का झेपत नाहीत?

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बरा झाला, असे घरचे केव्हा म्हणतात? कानात येणारे आवाज थांबले, संशय गेला, रात्रीची झोप लागू लागली की. दवाखान्यातही बहुतेक वेळा हेच विचारले जाते. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात मात्र खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

तिशीतला एक कारागीर डोळ्यांसमोर आणू. हे कोणा एकाचे वर्णन नाही, पण अशा घरांना ते ओळखीचे वाटेल. आजारापूर्वी तो सहा माग सांभाळत असे. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते, ती वेळेवर बदलायची. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग आपोआप थांबत नाही. तो विणतच राहतो आणि कापडात दोष उतरत जातो. म्हणजे एका मागावर गाठ मारताना बाकीच्या पाच मागांपैकी कोणाची कांडी संपत आली आहे, हे डोक्यात धरून ठेवावे लागते. मजुरी मीटरवर. आजार आला, रिस्पेरिडोनच्या चार मिलिग्रॅमवर दीडेक महिन्यात आवाज थांबले आणि तो कामावर परतला. आता त्याला दोन मागांपलीकडे जमत नाही. मुकादम म्हणतो, आळशी झाला. आई म्हणते, गोळ्यांनी सुस्त झाला. दोघांचेही निदान अपुरे आहे.

डोपामिनचा सिद्धांत इथे समजून घ्यावा लागतो. त्याचे एक टोक आपल्याकडेच आहे. सर्पगंधेचा उपयोग उन्मादावर होतो, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडत. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना डोपामिन तयार करणारा कच्चा माल टोचला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे त्यातून पुढे आले. त्याआधी, १९५२ मध्ये, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर लागू पडले होते. सत्तरच्या दशकात त्याचे कारण कळले. ही औषधे डोपामिनच्या डी-२ नावाच्या ग्राहकांना जितकी घट्ट चिकटतात, तितक्या कमी मात्रेत ती गुण देतात.

आजचे चित्र असे आहे. मेंदूच्या खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात आजारात डोपामिन जास्त तयार होते आणि जास्त सुटते. समोरची गोष्ट महत्त्वाची आहे की नाही, याची खूण तिथे ठरते. ती खूण भलत्याच जागी उमटू लागली की पंख्याची घरघर किंवा शेजाऱ्याचा खोकलाही आपल्यासाठीच आहे असे वाटते. औषध डी-२ अडवून ही खोटी खूण पुसट करते. पण सहा मागांचा हिशेब डोक्यात धरण्याचे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचे आहे. तिथे डी-१ ग्राहकांचा वाटा मोठा असतो आणि या आजारात तिथले डोपामिन उलट कमी पडत असावे, असे बरेच पुरावे सुचवतात. खालच्या मजल्यावर पाइप फुटला आहे आणि वरच्या मजल्याला पाणीच चढत नाही, अशी ही स्थिती. खालचा व्हॉल्व्ह बंद केला तर पूर थांबतो, वर पाणी येत नाही.

शिवाय ही उणीव गोळ्यांनी आणलेली नसते. लक्ष, स्मरण आणि कामाचा वेग यांतली घसरण पुष्कळ रुग्णांत पहिला झटका येण्याच्या आधीपासून दिसते. अभ्यासात मागे पडलेला मुलगा, हिशेबात चुकू लागलेला दुकानदार. नव्या पिढीची औषधे ती भरून काढतील अशी आशा होती. अमेरिकेतील मोठ्या ‘केटी’ चाचणीत, २००७ च्या अहवालानुसार, सर्व औषधांनी मिळालेली सुधारणा किरकोळ होती आणि जुन्या औषधालाही नवी औषधे मागे टाकू शकली नाहीत. खास याच उणिवेसाठी, ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाच्या वाटेने बनवलेले इक्लेपर्टिन २०२५ च्या सुरुवातीला शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांत अपयशी ठरले.

आता त्या कारागिराकडे. घरच्यांनी ‘मंद झालाय’ अशी तक्रार केली आणि ती आजार उरल्याची खूण समजून गोळी चारवरून सहा मिलिग्रॅम केली गेली, तर काय होईल? डी-२ ग्राहकांपैकी साधारण ६५ टक्के अडले की गुण येतो. ७८ ते ८० टक्क्यांच्या वर गेले की हात कडक होणे, कंप, लाळ गळणे सुरू होते. चार मिलिग्रॅमवर बहुतेक जण या मर्यादेच्या आत असतात, सहावर अनेक जण तिला भिडतात. मग कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी जोडली जाते आणि तीच स्मरणशक्ती आणखी बिघडवते. मंदपणावर उपाय म्हणून मंदपणाच वाढवायचा, असा हा प्रकार आहे.

दोन्ही मंदपणांतला फरक घरातही थोडाफार ओळखता येतो. चालताना हात हलत नाहीत, चेहरा गोठल्यासारखा दिसतो, सकाळी उठवत नाही आणि हे सारे गोळी वाढवल्यावर आले, तर संशय औषधावर घ्यावा. शरीर मोकळे आहे, पण सांगितलेल्या तीन कामांपैकी एकच लक्षात राहते आणि हे आजाराच्या आधीपासूनचे आहे, तर ती मूळ उणीव. नैराश्य किंवा थायरॉइडचा बिघाडही असाच दिसतो, म्हणून तपासणी डॉक्टरांकडूनच हवी. गोळी मनाने मात्र बंद करू नये. अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षानुसार वर्षभरात औषध घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, औषध थांबवलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा.

या उणिवेचे मोजमाप महागडे नाही. अंकांखाली ठरलेली चिन्हे दीड मिनिटात भरायला लावणारी कागदी चाचणी पुरेशी बोलकी असते. प्रत्येक मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात ती वर्षातून एकदा व्हावी आणि ‘आवाज येतात का?’ यासोबत ‘किती माग झेपतात?’ हा प्रश्नही विचारला जावा, अशी आमची मागणी आहे. लक्ष आणि स्मरण यांचा नियमित सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षणाचा मध्यम पण खरा उपयोग दिसतो, आणि तोही सराव प्रत्यक्ष कामाला जोडला तर अधिक. आपल्या कारागिरासाठी याचा अर्थ सुरुवातीला दोन माग, फक्त दिवसपाळी, कांडी बदलण्याचा ठरलेला क्रम आणि आधीचे दोन महिनाभर बिनचूक चालले तरच तिसरा.

सहा कधीच झेपले नाहीत, तर मजुरीतली तूट कोणी भरायची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे आणि ४० टक्क्यांपासून प्रमाणपत्राचे लाभ मिळतात. ते ठरवणाऱ्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-आकलन आणि काम, असे चार भाग आहेत. आवाज येतात की नाही, हा त्यातला एकही भाग नाही. तरीही आता बरा आहे म्हणून घरचेच तो अर्ज करत नाहीत. करताना सोबत आजारापूर्वीच्या आणि आताच्या मीटरांचा हिशेब, कारखान्याच्या वहीतून उतरवून, न्यावा.