रक्ताचे नाते, कागदाचे नाते

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या मनमोहन देसाई यांच्या चित्रपटातले रुग्णालयाचे दृश्य ज्याने पाहिले नाही असा माझ्या पिढीतला भारतीय विरळाच. अपघातात जखमी झालेली एक अंध स्त्री खाटेवर पडली आहे आणि शेजारच्या तीन खाटांवरून तीन अनोळखी तरुण तिला रक्त देत आहेत. एक हिंदू, एक मुस्लीम, एक ख्रिस्ती. तिघेही तिचेच मुलगे आहेत, हे त्या चौघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. तिघांचे रक्त एकाच बाटलीत चढते आणि तिथून आईच्या अंगात उतरते. वैद्यकशास्त्राला हे मान्य होणारे नाही, पण प्रेक्षकाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. या दृश्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते बहुतेक सारे रक्ताविषयी आहे. मला मात्र हल्ली त्या चित्रपटात कुठेही न दिसणाऱ्या कागदांविषयी कुतूहल वाटते. या तिघांना त्यांच्या पालकांच्या घरी नेमके कोणते कायदेशीर स्थान होते? त्यांना परत एकमेकांपर्यंत पोहोचवणे हे कोणाचे काम होते? आणि आज ते कोणाचे आहे?

बालपणी ताटातूट झालेल्या भावंडांची गोष्ट फाळणीतून जन्मली, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ १९४३ सालचा. घरातून निघून गेलेला थोरला मुलगा चोर झालेला आहे आणि अखेरीस दंडावरच्या गोंदणावरून त्याची ओळख पटते. म्हणजे साचा आधीपासून तयार होता. फाळणीने त्या साच्यात लाखो घरांचा अनुभव ओतला. माझ्या आजीचा धाकटा भाऊ १९४७ च्या त्या प्रवासात हरवला, तो सापडलाच नाही. यश चोप्रा यांच्या ‘वक्त’मध्ये (१९६५) भूकंपाने लाला केदारनाथचे घर कोसळते, तीन मुलगे तीन दिशांना जातात. त्या प्रसंगाला आजी दर वेळी उठून बाहेर जायची. चित्रपटात फाळणीचा उल्लेखही नाही. पण चोप्रा कुटुंब लाहोरशी नाते असलेले पंजाबी होते आणि एका रात्रीत घर, दुकान, मुले सारे जाणे म्हणजे काय, हे आजीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

‘वक्त’मध्ये शासनसंस्था कुठे दिसते ते पाहा. थोरला राजू अनाथाश्रमात पोहोचतो आणि तिथल्या व्यवस्थापकाच्या मारहाणीला कंटाळून पळून जातो. बाप मुलाला शोधत तिथे येतो, संतापाच्या भरात त्या व्यवस्थापकाचा जीव घेतो आणि तुरुंगात जातो. मधला मुलगा एका श्रीमंत दांपत्याला रस्त्यावर सापडतो, ते त्याला घरी नेतात. धाकटा आईजवळ गरिबीत वाढतो. अनेक वर्षांनी थोरल्याला आपल्या भावाची ओळख पटते ती एका बालपणीच्या छायाचित्रावरून आणि सारे कुटुंब एकत्र येते ते न्यायालयात, एका खुनाच्या खटल्याच्या निमित्ताने. म्हणजे शासन या गोष्टीत तुरुंग आणि न्यायालय या रूपांत हजर आहे. मुलाला शोधणारा म्हणून ते कुठेच नाही. ‘यादों की बारात’मध्ये (१९७३) ते काम एक गाणे करते, ‘अमर अकबर अँथनी’त अंगणात पुरलेले खेळण्यातले पिस्तूल. ओळखीचा पुरावा कायम कुटुंबाच्याच गाठीला बांधलेला असतो, कोणत्याही कचेरीच्या नोंदवहीत तो नसतो.

प्रत्यक्षात मात्र याच काळात आपल्या राज्यकर्त्यांनी हरवलेल्यांचा शोध घेणारा एक कायदा केला होता. १९४९ चा अपहृत व्यक्ती (पुनर्प्राप्ती व प्रत्यार्पण) कायदा आपल्याला आठवतो तो स्त्रियांच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातली ‘अपहृत’ची व्याख्या वाचली की हिंदी चित्रपटाचे कथासूत्रच समोर उभे राहते. १ मार्च १९४७ च्या लगेच आधी मुस्लीम असलेली कोणत्याही वयाची स्त्री किंवा सोळा वर्षांखालील मुलगा, १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून दुरावून आता दुसऱ्या व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या आश्रयाला आढळला, तर तो ‘अपहृत’. त्याला कोणी पळवले की कोणी दयेने पोटाशी धरले, हा प्रश्न कायद्याला पडत नव्हता. वाद झाल्यास न्यायाधिकरण निर्णय देणार होते. त्या व्यक्तीला कुठे राहावेसे वाटते, हे निर्णायक ठरेल अशी तरतूद त्यात नव्हती. पाकिस्तानातून हिंदू आणि शीख स्त्रिया-मुलांना परत आणण्याची अशीच व्यवस्था पलीकडे होती. भारतातला हा कायदा १९५७ पर्यंत अमलात राहिला. पुष्कळांना त्याने घरी पोहोचवले आणि काहींना दुसऱ्यांदा घरातून उठवले.

या कायद्यामागची समजूत सरळ होती. माणसाचे खरे घर त्याच्या जन्माच्या धर्मात असते आणि मधली वर्षे ही चूक, जी दुरुस्त करायची. ‘अमर अकबर अँथनी’ माझ्या मते या समजुतीला दिलेले लोकांचे उत्तर आहे. शेवटी तिघे भाऊ एकमेकांना भेटतात, आईबाप भेटतात. पण अकबर अकबरच राहतो आणि अँथनी अँथनीच. कोणी कोणाला ‘परत’ आणत नाही. शिंपी आणि धर्मगुरू यांनी दिलेले नाव, बोली आणि देव जन्मदात्यांना भेटल्यावरही तसेच टिकतात. त्या काळच्या कायद्यापेक्षा हा सवंग समजला गेलेला चित्रपट अधिक समंजस होता.

मात्र चित्रपट जिथे थांबतो तिथे कायद्याचा प्रश्न सुरू होतो. हे तीन भाऊ १९७७ च्या भारतात उभे करून पाहू. अमरला एका पोलीस अधिकाऱ्याने वाढवले. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. ज्याचे आईबाप अज्ञात आहेत आणि ज्याला हिंदू म्हणून वाढवले आहे अशा मुलाला तो हिंदू मानतो आणि न्यायालयाच्या परवानगीने पालकाला त्याचे दत्तक देता येते. म्हणजे रीतसर कागद केले असतील तर अमर खन्ना हा त्या घराचा पूर्ण मुलगा, वारसाहक्कासकट. अकबरला वाढवणारा शिंपी मुस्लीम आणि अँथनीला वाढवणारे पाद्री ख्रिस्ती. त्यांच्यासाठी तेव्हा देशात सर्वसाधारण दत्तक कायदाच नव्हता. होता तो १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्याखाली अकबर फार तर पाल्य ठरला असता आणि सज्ञान होताच ते नातेही संपले असते. शिंप्याने मृत्युपत्र केले तरी वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा अधिक काही त्याला देता आले नसते. एकाच आईचे तीन मुलगे. त्यांतल्या एकालाच पाळणाऱ्या बापाचा मुलगा होण्याची मुभा, तीही त्याला उचलून घेणारा हात कोणत्या धर्माचा होता यावरून.

ही विषमता कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. सर्व धर्मीयांना लागू होणारे दत्तक विधेयक १९७२ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते. त्याला विरोध झाला आणि १९७८ मध्ये, म्हणजे तीन भावांनी देशभर टाळ्या मिळवल्याच्या दुसऱ्याच वर्षी, ते मागे घेण्यात आले. ही वाट खुली झाली ती २००० च्या बालन्याय कायद्याने आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की हा कायदा कोणावर सक्ती करत नाही. आपल्या व्यक्तिगत कायद्यानुसार वागायचे की याखाली दत्तक घ्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

शोधाच्या बाजूनेही बरेच बदलले आहे. चित्रपटातल्या तिन्ही सज्जनांनी सापडलेले मूल सरळ घरी नेले. आज तो गुन्हा ठरू शकतो. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे. पालकांचा शोध घेतल्याशिवाय समितीला त्याला दत्तकासाठी मोकळे जाहीर करता येत नाही. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांची आणि मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांची मुदत आहे. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवून अपहरण वा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. केदारनाथच्या मुलांना हे मिळाले असते तर ‘वक्त’ अर्ध्या तासात संपला असता.

तरीही एक जागा अजून रिकामी आहे आणि ती नेमकी भावंडांची आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीला मोठेपणी आपले मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागू नये, ही अट असते. तिऱ्हाईताला मात्र असा शोध घेण्यास दत्तक नियमांनी मनाई केली आहे. ही मनाई योग्य हेतूने आहे; उपद्रवी नातेवाईक आणि खंडणीखोर यांच्यापासून ती कुटुंबाला वाचवते. पण या नियमांत भावंडांसाठी वेगळे स्थान नाही. एकाच आईची दोन मुले, एक दत्तक गेले आणि एक संस्थेतच वाढून अठराव्या वर्षी बाहेर पडले, तर त्या दुसऱ्याचा प्रश्न कोणत्या रकान्यात बसतो? नियमांच्या नजरेने तो तिऱ्हाईत आहे. आणि बहुतेकदा धाकट्याला काही आठवत नसते, आठवत असते ते थोरल्यालाच.

यावरचा उपाय अवघड नाही. दत्तक प्राधिकरणाने परस्पर संमतीची एक नोंदवही ठेवावी. संस्थेतून बाहेर पडलेल्या भावाने वा बहिणीने तीत आपली इच्छा नोंदवावी. दत्तक गेलेल्याने सज्ञान झाल्यावर तशीच नोंद केली, तरच दोघांना एकमेकांची माहिती मिळावी. एकानेच केली तर काहीही उघड होऊ नये. यात कोणाच्या खासगीपणाचा भंग नाही, कोणावर सक्ती नाही. त्यासाठी दोन गोष्टी आधी लागतील. एकत्र सापडलेली भावंडे शक्यतो एकत्रच राहावीत, आणि वेगळी करावी लागलीच तर तशी नोंद प्रत्येकाच्या फायलीत कायम राहावी. ही दुसरी गोष्ट कारकुनी वाटेल. पण ती नोंद राहिली नाही, तर वीस वर्षांनी जुळवायला दुसरे टोकच उरत नाही.

आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत तिच्या भावाचा काहीही माग नव्हता, ना छायाचित्र, ना गोंदणाची खूण. त्याच्या नावाची चौकशी कुठे करायची हेही तिला कोणी कधी सांगितले नव्हते. कोणत्या कचेरीत जायचे, एवढे तरी आजच्या भावंडांना माहीत असावे.