मान्यता काढा, विद्यार्थी वाचवा

अध्यापक शिक्षण परिषदेच्या १९९३च्या कायद्यातील कलम १७ मान्यता काढण्याआधी महाविद्यालयाला म्हणणे मांडण्याची संधी देते. शिवाय आदेश कळवल्यानंतर येणारे सत्र संपल्यावरच तो लागू होतो. समजा, आदेश जानेवारीत आला. बी.एड.च्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी पुढच्या सत्रात दुसरे वर्ष पूर्ण करून सुटतो. पण त्याच जूनमध्ये नव्याने प्रवेश घेणारा अर्ध्या वाटेवर अडकतो. मान्यता संपल्यानंतरची पदवी सरकारी नोकरीला चालत नाही. संस्थेला अपिलाचा हक्क आहे, तो राहावाच. मात्र आदेश निघताच तिचे नाव प्रवेशाच्या यादीतून वगळले पाहिजे. संस्थेच्या चुकीची शिक्षा विद्यार्थ्याने भोगणे हा न्याय नव्हे.