‘सान्त’ म्हणजे काय?

जे प्रथमस्तरीय तर्कशास्त्रात मांडता येत नाही ते तर्कशास्त्रच नव्हे, हे क्वाइनप्रणीत मत आपण निमूटपणे का स्वीकारावे?

‘अंबरपेठेतील घरे सान्त आहेत’, म्हणजे कोठेतरी संपतात, एवढेच विधान घ्या. या तर्कशास्त्रात संख्यापक केवळ एकेका घरावर चालतो. ‘किमान दोन घरे’, ‘किमान तीन घरे’ असे सांगता येते. आकडा न देता नुसते ‘सान्त’ म्हणता येत नाही. समजा, तसे वाक्य सापडले. त्याच्याशेजारी ‘किमान दोन’, ‘किमान तीन’ ही न संपणारी वाक्ये मांडा. त्यांतली मोजकी कोणतीही निवडली, तरी पुरेशा मोठ्या पेठेत ती खरी ठरतात. मग गोडेलच्या १९३० च्या प्रमेयानुसार सारीच वाक्ये खरी ठरवणारी पेठही असली पाहिजे. सान्त आणि तरीही अनंत!

संख्यापक जुळण्यांवरही चालू द्या, की पेच सुटतो. डेडेकिंडच्या १८८८ च्या व्याख्येवरून म्हणता येते : प्रत्येक घराला एक घर नेमणारी, पण दोघांना एकच न देणारी कोणतीही जुळणी घ्या, एकही घर वगळले जात नाही. अनंत घरांत मात्र प्रत्येकाला पुढचे दिले, तर पहिले सुटते.

किंमत मोजावी लागतेच : द्वितीयस्तरावरील सर्व सार्वत्रिक सत्ये सिद्ध करून देणारी नियमावली संभवत नाही. प्रथमस्तरावर ती आहे, हा प्रतिपक्षाचा अभिमान. पण त्यांची सिद्धता म्हणजे तरी काय? सान्त पायऱ्यांची मालिका. तो ‘सान्त’ त्यांनी कोणाकडून उसना घेतला?